ट्रू क्राइम डॉक्युमेंटरी निवडायची कशी? आणि तो ‘४२’चा आकडा खरा आहे का?

सुनंदा_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. आम्ही राजारामपुरीतल्या नऊजणी महिन्यातून एका शनिवारी भिशीला जमतो. भिशी, चहापाणी झालं की टीव्हीवर काहीतरी एकत्र बघायचं असा शिरस्ता पडला आहे. गेलं वर्षभर सगळ्यांना ट्रू क्राइमची गोडी लागली आहे आणि काय बघायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आहे. आजवर मी ते फार विचार करून केलं नाही. रेटिंग बघायचं, कुणीतरी ‘भारी आहे’ म्हटलं की लावायचं.

मागच्या शनिवारी मी आपल्याच गावाच्या गावित मायलेकींच्या प्रकरणावरचा एक भाग लावला. यूट्यूबवरचा होता, चाळीस मिनिटांचा. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘४२ चिमुकल्यांचे बळी’ असं आलं आणि मागे लहान मुलाच्या रडण्याचा आवाज. आमच्यातल्या एक वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला म्हणून मी मागे गेले. नळ नुसताच सोडलेला, भांडं काहीच नाही, आणि त्या ओट्याला धरून उभ्या.

त्यांचा मावसभाऊ ९३ साली जोतिबाच्या चैत्र यात्रेत हरवला. चार वर्षांचा होता. सापडला नाही. मावशी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून विचारते, “त्या बेचाळिसात आपला असंल का गं?”

आम्ही पंधरा वर्षं एकमेकींना ओळखतो. हे कुणालाच माहीत नव्हतं. लावलं मी होतं, त्यामुळे हे माझ्या मनातून जात नाही. माझे दोन प्रश्न आहेत. एखादी मालिका नीट केलेली आहे की नाही, हे लावायच्या आधी कसं ओळखायचं? ट्रेलरवरून कळत नाही, चांगल्याचा ट्रेलरही भडकच असतो. आणि दुसरा, हा ४२चा आकडा खरा आहे का?

---

प्रदीप_शाहूपुरी

ताई, प्रत्येक ॲपमध्ये सेटिंगला जाऊन वयोमर्यादा लावता येते आणि पिन ठेवता येतो. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा. आमच्या घरी नातवंडं आल्यावर मी तेच करतो. असलं काही त्यांच्यासमोर चुकूनही लागत नाही.

---

सुनंदा_राजारामपुरी

प्रदीपदादा, धन्यवाद, पण आमच्यात लहान कुणी नाही, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. प्रश्न आम्ही मोठ्यांनी काय बघावं याचा आहे.

---

संभा_कसबा_बावडा

ताई, ४२ खरं हाय. मी तवा नववी-दहावीला होतो. रोज पेपरात यायचं, चौकात दुसरा विषयच नसायचा. आमची आय आमाला यष्टी स्टँडवर हात सोडू द्यायची न्हाई. त्यांनी पोलिसांपुढं सगळं कबूल केलंतं. आता कोर्टात कमी सिद्ध झालं म्हणून बाकीची पोरं मेलीच न्हाईत असं कसं म्हणायचं? उलट आकडा कमी सांगणं हाच त्या पोरांचा अपमान हाय असं मला वाटतं.

---

निवृत्त_स्टेनो

सुनंदाताई, मी कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होतो, सत्र न्यायालयांत. हे प्रकरण माझ्या कोर्टात नव्हतं, पण निकाल म्हणजे काय आणि त्यात आकडे कसे येतात हे हातांना पाठ आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी जे नक्की आहे ते. अटक १९९६ साली झाली. आई अंजनाबाई १९९७ मध्ये कोठडीतच वारली, खटला दोन मुलींवर चालला. आरोप १३ मुलांच्या अपहरणाचे आणि त्यातल्या ९ जणांच्या खुनाचे होते. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले ते ५ खून.

म्हणजे तुमच्या पडद्यावर ४२ होते, आरोपपत्रात ९ आणि शेवटी सिद्ध झालेले ५. या तिन्ही आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. कुठल्याही मालिकेत आकडा आला की मी स्वतःला विचारतो, हा आकडा कुठल्या पायरीवरचा? मूल बेपत्ता झालं, तक्रार नोंदली गेली, आरोप ठेवला गेला, की सिद्ध झाला? निवेदकाने पायरी न सांगता नुसता सगळ्यात मोठा आकडा ठोकला, तर पुढचं सगळं मी हात राखूनच ऐकतो.

संभाजीराव, तुमचं एक बरोबर आहे. सिद्ध झालं नाही म्हणजे घडलं नाही, असं कुठलंही कोर्ट म्हणत नाही. पण ‘पोलिसांपुढं कबूल केलं’ हे वाक्य मालिकेत आलं की जपून. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीवरून एखादी वस्तू किंवा मृतदेह सापडला, तर तेवढा सापडण्यापुरता भाग चालतो. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या साक्ष कायद्यातही आहे. कोठडीतला माणूस मार चुकवायला, कधी नुसता थकून, हवं ते कबूल करतो, म्हणून तो नियम. मालिकेत मात्र कबुलीचा प्रसंग हाच सगळ्यात रंगवलेला असतो. अंधारी खोली, एक दिवा, आणि आरोपी धडाधड नावं सांगतोय.

या खटल्यात एकीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला होता. असा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला, स्वतःला वाचवून बोलणारा माणूस. त्याच्या बोलण्याला दुसरीकडून आधार मिळतो का हे कोर्ट प्रत्येक घटनेला वेगळं तपासतं. एका मुलाच्या बाबतीत लॉजच्या नोंदवहीचा आधार मिळेल, दुसऱ्याच्या बाबतीत काहीच मिळणार नाही. ९ चे ५ होतात ते अशाच चाळणीतून.

निकाल इंटरनेटवर आहे, indiankanoon.org वर `Renuka Bai State of Maharashtra 2006` असं शोधा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार लांब नाही, तासाभरात वाचून होतो. दुसऱ्या कुठल्या प्रकरणात सत्र न्यायालयाचा निकाल मिळाला, तर सुरुवातीच्या पानांवर एक तक्ता असतो. डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’. ‘अमुक तारखेला आरोपीने अमुक मुलाचे अपहरण केले हे सरकार पक्षाने सिद्ध केले काय?’ आणि समोर ‘होय’ किंवा ‘नाही’. तो तक्ता मी शेकड्यांनी टाइप केला असेल. मालिका बघायच्या आधी तेवढा एक तक्ता वाचला, तरी निवेदक कुठे ‘नाही’चं ‘होय’ करतोय ते लगेच कळतं.

अजून एक सोपी खूण, शेवटची पाटी बघा. या प्रकरणात २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तेव्हा ‘स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या महिला’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. फाशी झालीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून जन्मठेप दिली. कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला ७ वर्षं १० महिने १५ दिवस लागले आणि ती दिरंगाई सरकारची होती. दोषी असण्याबद्दल त्यात काहीच बदललं नाही आणि सुटकाही मिळाली नाही. तुमच्या चाळीस मिनिटांच्या भागात शेवटी काय दाखवलं होतं?

---

सुनंदा_राजारामपुरी

सर, आत्ता परत लावून बघितलं. शेवटची पाटी: ‘लवकरच फासावर’. अपलोडची तारीख बघितली तर २०२३!

---

संभा_कसबा_बावडा

कबुलीचं मला म्हाईत न्हवतं, ते पटलं. पण सर, यातली बरीच पोरं गरिबाची, स्टँडवरनं, देवळातनं, जत्रंतनं उचललेली. त्यांच्या आयबापाची तक्रार तरी कोण लिहून घेणार? तुमच्या चार पायऱ्यांत ती पोरं पयल्या पायरीवर बी न्हाईत. मग मालिकेवाल्यानं ‘पाचच’ म्हटलं तर ते खरं कसं?

---

निवृत्त_स्टेनो

याला माझ्याकडे उत्तर नाही, संभाजीराव. ‘पाच खून सिद्ध झाले’ एवढंच म्हणता येतं. ‘पाचच खून झाले’ म्हणणारा निवेदकही चुकतोय. त्या ‘च’मध्ये किती मुलं राहून गेली असतील ते मी सांगू शकत नाही आणि ४२ म्हणणाराही सांगू शकत नाही.

---

अपर्णा_एडिट

मूळची कोल्हापूरची, सध्या मुंबईत व्हिडिओ एडिटर आहे. ट्रू क्राइमच्या दोन मालिकांवर मी सहायक म्हणून काम केलं आहे. माझ्या टेबलावरून काय दिसतं ते सांगते.

बनवणारे सगळे खोटारडे नसतात. पण सहा तासांच्या मुलाखतीतून चार मिनिटं घ्यायची असतात, आणि चौथ्या मिनिटाला माणूस उठून जाऊ नये असा दबाव असतो. ‘द जिंक्स’ ही २०१५ची अमेरिकन मालिका आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या शेवटच्या भागात संशयित श्रीमंत माणूस मुलाखत संपल्यावर बाथरूममध्ये जातो. कॉलरचा माइक चालूच असतो आणि तो स्वतःशी पुटपुटतो, ‘मी काय केलं? सगळ्यांना मारलं, अर्थातच.’ तिथे मालिका संपते. जगभर गाजलं ते. २०१९ मध्ये खटल्याच्या कागदपत्रांतून पूर्ण ध्वनिमुद्रणाची लेखी प्रत बाहेर आली, तेव्हा कळलं की ती दोन वाक्यं एकापाठोपाठ नव्हतीच. तो बरंच काही तुटक बोलत होता. त्यातली वाक्यं उचलून, क्रम बदलून, प्रश्न आणि उत्तर वाटेल अशी जोडली होती.

पुढे २०२१ मध्ये तो माणूस खुनाबद्दल दोषी ठरला. म्हणजे मालिकेने निरपराध माणसाला अडकवलं असं नाही. पण बघणाऱ्याला वाटलं ‘मी कबुली ऐकली’, आणि ऐकलेली गोष्ट एडिटरने बांधलेली होती.

हे घरी बसून कसं ओळखायचं? माणूस बोलतोय आणि तोंड दिसतंय तोवर वाक्यं सलग आहेत असं धरून चाला. नेमक्या महत्त्वाच्या वाक्याला कॅमेरा हातावर, चहाच्या कपावर, खिडकीवर गेला, तर तिथे बहुतेक जोड आहे. आम्ही तो शॉट टाकतोच जोड झाकायला. प्रत्येक जोड लबाडीची नसते, ‘म्हणजे... ते... काय म्हणतात’ हेही काढलेलं असतं. पण आवाजाकडे लक्ष द्या. मागचा पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला किंवा सूर एकदम वर गेला, तर ते दोन वेगळ्या वेळी बोललेलं आहे. हेडफोन लावून बघितलं तर हे स्पष्ट ऐकू येतं.

आणि नाट्यरूपांतर. चांगले लोक त्या दृश्यांचा रंग किंवा कॅमेऱ्याची चाल वेगळी ठेवतात, कोपऱ्यात पाटीही देतात, चेहरे दाखवत नाहीत. वाईट लोक खरं फुटेज आणि कलाकारांचं दृश्य एकाच धुरकट रंगात रंगवतात, म्हणजे सीसीटीव्ही कुठला आणि सेटवरचा कुठला ते कळू नये. सुनंदामावशी, तुमच्या त्या भागातला रडण्याचा आवाज लायब्ररीतला असणार. असे आवाज ढिगाने मिळतात. मी स्वतः एकदा एका दृश्याला तसा लावला आहे. पुढच्या कामात सांगितलं तेव्हा नाही म्हटलं, पण पहिल्यांदा लावला होता.

---

विनय_के

इतकं करायची गरज नाही असं मला वाटतं. मोठ्या ओटीटीवरचं बघा, यूट्यूबवरचं नको. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. शीना बोरा प्रकरणावरची मालिका तर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी स्वतः बघितली आणि मगच दाखवायला परवानगी दिली. कोर्टाने पास केलेली गोष्ट खरीच असणार.

---

निवृत्त_स्टेनो

विनयराव, न्यायाधीशांनी ती बघितली हे खरं आहे. सीबीआयचं म्हणणं होतं की खटला चालू आहे, साक्षीदारांवर आणि खटल्यावर परिणाम होईल, म्हणून थांबवा. कोर्टाने प्रदर्शन थोडं लांबवायला लावलं, मालिका बघितली आणि खटल्याला बाधा येईल असं काही नाही म्हणून सीबीआयची मागणी फेटाळली. कोर्टासमोर प्रश्न तेवढाच होता. मालिकेतलं सगळं खरं आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि कोर्टाने त्याचं उत्तरही दिलेलं नाही. ज्या मालिकेत मुख्य आरोपी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून आपली बाजू सांगते आणि खटला अजून चालू असतो, ती बघायला हरकत नाही, पण ती एका पक्षकाराची कैफियत ऐकतोय असं समजून.

वकिलांच्या फौजेचंही तेच. ती कंपनीवर दावा होऊ नये म्हणून असते. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दिवाणी दावा जवळपास उभाच राहत नाही. त्यामुळे वकील जिवंत माणसांबद्दलची वाक्यं चाळतो. मेलेल्यांबद्दल काहीही बोललं तरी त्याला फार घोर नसतो.

---

माहेर_गडहिंग्लज

सरांचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. मी या साइटवर फक्त वाचत असते.

माझ्या भावाचा खून झाला. वर्ष, गाव सांगत नाही. दोन वर्षांनी एका वाहिनीच्या गुन्हेविषयक कार्यक्रमात त्याच्यावर भाग आला. आम्हाला कळलं ते भाग चालू असताना, शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून. कुणी आधी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. नाव बदललं होतं, पण गावाचा पाणवठा, त्याचा धंदा, गाडीचा रंग सगळं तेच. पूर्ण तालुक्याला कळलं.

त्यात दाखवलं की त्याचं एका बाईशी प्रकरण होतं. पोलिसांच्या कागदांत ते कुठेही नाही. भांडण शेताच्या बांधावरून होतं. बांधावर चाळीस मिनिटं काढता येत नाहीत म्हणून बाई आणली असावी. माझी वहिनी तेव्हा एकतीस वर्षांची. तिने ते ऐकून घेतलं, तिच्या मुलाने शाळेत ऐकून घेतलं. आम्ही वाहिनीला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. वकील म्हणाले नाव वेगळं आहे, काही होणार नाही. तो भाग अजून इंटरनेटवर आहे. खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली आहेत.

मी तेव्हापासून असले कार्यक्रम बघत नाही. पण निवडायचंच असेल तर एक सांगते. शेवटी नावं पळतात ती थांबवून वाचा. घरच्यांशी खरंच बोलले असतील तर तिथे कुठेतरी दिसतं. आभारात कुटुंबाचा उल्लेख असतो, किंवा ‘कुटुंबाने बोलण्यास नकार दिला’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो नकार लिहिलेला असला तरी मला बरं वाटतं, कारण निदान विचारलं होतं.

---

अपर्णा_एडिट

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. बांधाचं जे लिहिलंत ते अगदी तसंच घडतं. आमच्या खोलीत त्याला ‘अँगल लागत नाही’ म्हणतात. जमिनीचा वाद, दारू, उधारी या कारणांना अँगल लागत नाही आणि खरे खून तर बहुतेक तेवढ्यावरूनच झालेले असतात.

---

विनय_के

ताई, वाईट वाटलं वाचून. ओटीटीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. घरच्यांची परवानगी सक्तीची केली, तर काही गोष्टी कधीच बाहेर येणार नाहीत. पोलिसांनी तपासात घोळ घातला असेल, किंवा घरातल्याच माणसाने मारलं असेल, तर घरचे परवानगी कशी देतील?

---

माहेर_गडहिंग्लज

मी परवानगी सक्तीची करा असं म्हणत नाही. आमच्याच घरात एकमत नाही. वहिनीला ते सगळं पुसून जावं असं वाटतं. आईला उलट वाटतं की कुणीतरी त्याच्याबद्दल नीट बनवावं, तो हार्मोनियम वाजवायचा हे दाखवावं, म्हणजे लोक त्याला त्या भागावरून ओळखणार नाहीत. उद्या कुणी विचारायला आलं तर आम्ही काय सांगू ते मलाही माहीत नाही. पण दाखवायच्या आधी आठ दिवस कळवायला हवं होतं. आम्ही वहिनीला आणि मुलाला तेवढे दिवस पुण्याला तरी नेलं असतं.

---

संभा_कसबा_बावडा

ताई, लई वाईट झालं. हार्मोनियमचं वाचून आत हललं कायतरी.

---

सुनंदा_राजारामपुरी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. गेल्या चार दिवसांत काय केलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

आधी तोच यूट्यूबचा भाग वही आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन बघितला, या वेळी हेडफोन लावून. चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटं त्या तिघींचंच आयुष्य, चेहरे, ‘राक्षसी’ वगैरे विशेषणं. नऊ मिनिटं कलाकारांची दृश्यं, पाटी कुठेही नाही. एका मुलाच्या आईवडिलांविषयी किंवा घराविषयी सगळं मिळून दीड मिनिटही नाही. माफीच्या साक्षीदाराचा उल्लेखच नाही. ४२ हा आकडा सहा वेळा येतो आणि एकदाही कुठून आला ते सांगितलेलं नाही. हे मी आठ बायकांना बसवून दाखवलं होतं.

मग सरांनी सांगितलेला निकाल उघडला. इंग्रजी कायद्याची भाषा, निम्मं डोक्यावरून गेलं, पण एक गोष्ट लक्षात आली. तिथे प्रत्येक मूल वेगळं येतं. कुठून नेलं, कुणी ओळखलं, काय मिळालं. यूट्यूबवर ती सगळी मिळून एक आकडा झाली होती. वाचायला निकाल जास्त जड गेला, संगीत नसूनही.

पुढच्या शनिवारसाठी दुसरं एक निवडलं आहे, परदेशातलं, तपासात पोलिसांकडून झालेल्या चुकांवरचं. त्याचा पहिला भाग मी एकटीने आधी बघितला. मारल्या गेलेल्या मुलीची बहीण पहिल्या दहा मिनिटांतच बोलते आणि बोलताना तिचं तोंड दिसत राहतं. निकाल २०१९चा आहे आणि शेवटच्या पाटीवर त्यानंतरच्या अपिलाचाही उल्लेख आहे. एका जागी मात्र मला शंका आली. शेजारी म्हणतो, ‘मला तेव्हाच संशय आला होता’ आणि नेमका त्याच वाक्याला कॅमेरा कुंपणावर जातो. अपर्णा, तिथे मागे कुत्रं भुंकत होतं ते एकदम बंद होतं. हीच का ती जोड?

---

अपर्णा_एडिट

हो मावशी, अगदी हीच. तो ‘तेव्हाच’ कदाचित दुसऱ्याच कुठल्या दिवसाबद्दल बोलत असेल. बाकी तुम्ही सांगताय त्यावरून मालिका बरी वाटते. एका जोडीसाठी सोडू नका, पण त्या शेजाऱ्याच्या वाक्यावर काही बांधू नका.

---

प्रदीप_शाहूपुरी

मी सुरुवातीला प्रश्न चुकीचा समजलो होतो, माफ करा. एक विचारायचं होतं, त्या वहिनींना हे सांगितलंत का?

---

सुनंदा_राजारामपुरी

सांगितलं. आधी त्यांच्याकडे गेले आणि लावल्याबद्दल माफी मागितली. मग ४२चं कळलं ते सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आता मावशीला काय सांगू? इतकी वर्षं निदान कुठं गेला त्याचं एक उत्तर होतं.”

मला याच्यावर काही बोलता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं की त्या निकालात ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांची वयं आणि ठिकाणं मला कुणी वाचून दाखवेल का. त्यांना इंग्रजी येत नाही आणि माझं इंग्रजी तेवढं नाही.

---

माहेर_गडहिंग्लज

सुनंदाताई, वाचून दाखवताना मावशींना तिथे बसवू नका. आधी वहिनींना एकट्यांना. पुढचं त्यांचं त्या ठरवतील.

---

निवृत्त_स्टेनो

सुनंदाताई, मी येतो. निकाल छापून आणतो आणि लागेल तिथे मराठीत सांगतो. घाई करणार नाही. मधे थांबायचं असेल तर थांबू. एवढंच आधी सांगून ठेवा की त्यात ते मूल नसलं, तर ‘नाही’ म्हणजे ‘या खटल्यात नाही’ इतकंच मी सांगू शकेन. मंगळवारी किंवा बुधवारी चार वाजता जमेल. राजारामपुरीत कितवी गल्ली?

---

सुनंदा_राजारामपुरी

सर, व्यनि केला आहे. बुधवार चालेल. वहिनी माझ्याच घरी येतील.